'दिने' दुपारचे की रात्रीचे? फ्रेंचमधील जेवणांच्या नावांविषयी

प्रश्न: "मी पुण्यात फ्रेंच शिकले, बी-२ पातळी पूर्ण झाली आहे. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी माँट्रियलला जात आहे. तिथल्या विभागप्रमुखांनी गुरुवारी सर्वांबरोबर 'दिने'ला आणि शनिवारी त्यांच्या घरी 'सुपे'ला बोलावले आहे. पुस्तकात 'दिने' म्हणजे रात्रीचे जेवण, आणि 'सुपे' हा शब्द जुना झाला, असे दिले आहे. मग गुरुवारी नेमके कधी जायचे? आणि आता कोणत्या देशाचे शब्द शिकायचे? कॅनडासाठीची फ्रेंचची परीक्षाही अजून द्यायची आहे."

उत्तर:

गुरुवारचे 'दिने' दुपारचे आहे, बहुधा बारा ते एकच्या दरम्यानचे, आणि शनिवारचे 'सुपे' संध्याकाळचे. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये सकाळी 'देज्यने', दुपारी 'दिने' आणि संध्याकाळी 'सुपे' असा क्रम रूढ आहे. तुमच्या पुस्तकात जी फ्रान्सची प्रमाण फ्रेंच आहे, तिच्यात सकाळी 'प्ती देज्यने', म्हणजे छोटे देज्यने, दुपारी नुसते 'देज्यने' आणि संध्याकाळी 'दिने' असा क्रम येतो. तिथे 'सुपे' हा शब्द मुख्यतः नाटक किंवा मैफल संपल्यानंतर रात्री उशिरा घेतलेल्या जेवणासाठी उरला आहे. शनिवारच्या निमंत्रणात वेळ दिली नसेल तर ती अवश्य विचारून घ्या, कारण क्वेबेकमध्ये बरीच कुटुंबे साडेपाच-सहाच्या सुमारास सुपे करतात, आणि फ्रान्सच्या किंवा आपल्या सवयीने आठ वाजता पोहोचलात तर यजमानांना तासन्‌तास वाट पाहावी लागेल.

या विषयात विद्यार्थी का अडखळतात, ते आधी सांगते. नवा शब्द भेटला की आपण थांबतो आणि शब्दकोश उघडतो. बेल्जियममध्ये एखाद्या पाककृतीत 'शिकों' दिसले की माहीत नसल्यामुळे आपण शोधतो, आणि फ्रान्समध्ये ज्या भाजीला 'आंदीव्ह' म्हणतात तीच ही, हे मिनिटभरात कळते. 'दिने' मात्र आपल्याला येत असते. पहिल्या वर्षापासून पाठ असते. त्यामुळे वाचताना मन जराही थबकत नाही, आणि चुकीचा अर्थ पूर्ण खात्रीने घेतला जातो. इथे शब्द तेच आहेत, फक्त प्रत्येक शब्द दिवसात एक घर पुढे किंवा मागे सरकला आहे. असे सरकलेले शब्द अनोळखी शब्दांहून जास्त गोंधळ घालतात, हे मी शिकवताना आणि त्याहून जास्त भाषांतराच्या कामात पाहिले आहे.

हे शब्द कसे सरकले, ते समजून घेतले तर पाठांतराची गरज उरत नाही. 'देज्यने' आणि 'दिने' ही दोन्ही रूपे उपास सोडणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आली. म्हणजे मुळात दोन्ही शब्दांचा अर्थ दिवसाचे पहिले खाणे एवढाच होता, ते किती वाजता घ्यायचे हे शब्दात कुठेच नव्हते. पुढे फ्रेंचमध्ये त्यांची वाटणी झाली. सकाळच्या थोडक्या खाण्याला 'देज्यने', दिवसाच्या मुख्य जेवणाला 'दिने', आणि संध्याकाळी रश्शात भिजवलेल्या पावाच्या, म्हणजे 'सूप'च्या, जेवणाला 'सुपे' असे नाव पडले. सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या दरबारातही हाच क्रम होता. राजाचे 'दिने' दुपारी एकच्या सुमारास होत असे, आणि 'सुपे' रात्री दहाच्या सुमारास, दरबाऱ्यांच्या देखत. म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यात जेवणांची जी नावे होती, ती आज माँट्रियलच्या एखाद्या कार्यालयातल्या नावांशी जुळतात, आजच्या पॅरिसशी नाही.

बदल झाला तो पॅरिसमध्ये. अठराव्या शतकात तिथल्या सधन वर्गात रात्री उशिरापर्यंत जागण्याची रीत वाढत गेली आणि मुख्य जेवणाची वेळ हळूहळू पुढे सरकली. आधी दुपारी दोन-तीन, मग चार-पाच, आणि एकोणिसाव्या शतकात सहा किंवा त्याहूनही उशीर. जेवण सरकले, पण त्याचे 'दिने' हे नाव त्याच्याबरोबरच राहिले. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या कॉफीपावावर राहणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून मधल्या वेळी मांसाचे किंवा अंड्याचे पदार्थ असलेले भरपूर 'देज्यने' सुरू झाले. त्याला 'काट्याने खायचे देज्यने' असे म्हणत, कारण पावाच्या तुकड्याला काटा लागत नाही. दुपारचे 'देज्यने' असे पक्के झाल्यावर सकाळच्या खाण्याला वेगळे नाव देणे भाग पडले, आणि ते 'छोटे देज्यने', म्हणजे 'प्ती देज्यने' झाले. संध्याकाळची जागा 'दिने'ने घेतल्यामुळे 'सुपे' मध्यरात्रीकडे ढकलले गेले.

आता क्वेबेकचा काळ याच्या शेजारी ठेवून पाहा. क्वेबेक शहराची स्थापना १६०८ मध्ये झाली, तिथे फ्रान्समधून गेलेले वसाहतकार मुख्यतः सतराव्या शतकातले आणि अठराव्याच्या पूर्वार्धातले, आणि १७६३ च्या पॅरिस तहाने तो प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. पॅरिसमध्ये जेवणांची नावे बदलू लागली तेव्हा हे लोक समुद्रापलीकडे जुनी नावे घेऊन स्थिरावले होते, आणि फ्रान्सशी त्यांचा संबंधही क्षीण झाला होता. क्वेबेकच्या लोकांनी हे शब्द इंग्रजीच्या प्रभावाने बदलून घेतले, असे काही जण ठामपणे सांगतात. तो तर्क टिकत नाही. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागातही अगदी हाच 'देज्यने, दिने, सुपे' असा क्रम आहे, आणि तिथे इंग्रजांचे राज्य कधीच नव्हते. पॅरिसची नवी रीत या प्रदेशांवर पूर्ण पसरली नाही, हे खरे कारण आहे. म्हणूनच क्वेबेकचे किंवा बेल्जियमचे शब्द अशुद्ध आहेत असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका.

मात्र या वाटणीला देशांच्या सीमा काटेकोर लागू पडत नाहीत, आणि इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. खुद्द फ्रान्समध्ये, उत्तरेकडे बेल्जियमच्या सीमेलगत आणि दक्षिणेतल्या खेड्यांत, वयस्कर माणसे आजही दुपारच्या जेवणाला 'दिने' आणि संध्याकाळच्या जेवणाला 'सुपे' म्हणतात. अशा घरात पाहुणी म्हणून राहिलात तर आजी एक क्रम वापरते आणि नातवंडे दुसरा, असे एकाच टेबलावर ऐकू येईल. याउलट ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघाच्या संस्थांत काम करणारी मंडळी फ्रान्सच्या रीतीने बोलतात, कारण राजनैतिक व्यवहारात 'कामाचे देज्यने' म्हणजे दुपारची बैठक असाच अर्थ ठरलेला आहे. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन कार्यालयांत 'दिने'चे दोन अर्थ असू शकतात. क्वेबेकमध्येही पर्यटकांची हॉटेले न्याहारीसाठी 'प्ती देज्यने' लिहितात, तर कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाच्या काचेवर 'देज्यने' असते आणि आत अंडी, बटाटे, टोस्ट मिळतात. त्यामुळे देश पाहून अर्थ ठरवणे ही फक्त पहिली पायरी आहे.

एक प्रसंग तपशीलवार सांगते, म्हणजे हा गोंधळ प्रत्यक्षात कसा दिसतो ते कळेल. एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कागदपत्रांचे काम माझ्याकडे होते. मसुदा पॅरिसमध्ये तयार झाला होता, आणि सहभागी होणारे लोक फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, क्वेबेक आणि सेनेगलमधून येणार होते. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक जेवणापुढे वेळ छापलेली असल्यामुळे तिथे कोणालाच अडचण आली नाही. 'देज्यने, १२.३०' असे लिहिले की माँट्रियलचा माणूस मनात 'हे आपले दिने' असे म्हणून पुढे जातो. घोटाळा झाला तो नोंदणीच्या अर्जात. त्यात दोन चौकोन होते: 'मी देज्यनेला येईन' आणि 'मी दिनेला येईन'. वेळ कुठेच दिलेली नव्हती.

अर्ज परत आले तेव्हा आयोजकांना आकडे विचित्र वाटले. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी ज्यांनी नाव दिले नव्हते, अशा अनेकांनी 'दिने'वर खूण केली होती, आणि दुपारी सभागृहात हजर असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी 'देज्यने' रिकामे सोडले होते. ही नावे वेगळी काढून देशानुसार लावली, तेव्हा जवळजवळ सगळी क्वेबेक, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडची निघाली. त्यांनी 'देज्यने' म्हणजे सकाळची न्याहारी असे वाचले होते. ती हॉटेलमध्येच होणार म्हणून ती खूण सोडली, आणि दुपारी जेवायचे म्हणून 'दिने'वर खूण केली. पॅरिसच्या आणि सेनेगलमधल्या डाकारच्या लोकांचे अर्ज मात्र बरोबर होते. चूक कोणाच्याही फ्रेंचची नव्हती. अर्जात वेळ नव्हती, एवढाच दोष होता. आम्ही दोन्ही ओळी बदलल्या आणि 'दुपारचे भोजन, १२.३०' व 'संध्याकाळचे भोजन, १९.३०' अशा अर्थाने 'रपा द मिदी' आणि 'रपा द्यु स्वार' हे शब्दप्रयोग घातले. ते सगळ्या फ्रेंचभाषक देशांत एकाच अर्थाने समजतात, आणि कोणालाही आपल्यावर दुसऱ्या देशाची रीत लादली गेली असे वाटत नाही.

तुम्हाला हीच युक्ती रोज उपयोगी पडेल. माँट्रियलच्या कार्यालयात वेगवेगळ्या देशांतून आलेले फ्रेंचभाषक एकत्र काम करतात, आणि शेजारच्या टेबलावरची सहकारी फ्रान्समधल्या ल्यों शहरातून आलेली असू शकते. लिहिताना शंका आली तर जेवणाच्या नावाबरोबर वेळ द्या, किंवा 'आ मिदी' म्हणजे दुपारी आणि 'स स्वार' म्हणजे आज संध्याकाळी असे शब्द जोडा. वाचताना क्रम ओळखायचा असेल तर मी आधी मजकुरात 'प्ती देज्यने' शोधते. ते दिसले तर बहुधा फ्रान्सचा क्रम चालू आहे आणि पुढचे 'देज्यने' दुपारचे आहे, मात्र क्वेबेकच्या हॉटेलांचा अपवाद लक्षात ठेवावा. ते नसेल आणि 'सुपे' साध्या, घरगुती संदर्भात आले असेल, म्हणजे 'ये, आमच्याकडे सुपेला', तर जुना क्रम आहे असे समजावे. एकटे 'दिने' मात्र काहीच सांगत नाही, तिथे घड्याळच विचारावे लागते. क्वेबेकच्या अनेक उपाहारगृहांनी तर ही अडचण टाळून पाटीवर 'दुपारचा मेनू' आणि 'संध्याकाळचा मेनू' असेच लिहिलेले आढळते.

क्रियापदांचेही भान ठेवा, कारण रोजच्या बोलण्यात नामापेक्षा तीच जास्त येतात. क्वेबेकमध्ये संध्याकाळी सात वाजता कोणी 'तू सुपे केलेस का?' असे विचारले तर तो जेवलीस का हाच साधा प्रश्न आहे, त्यात शाही मेजवानीची काही छटा नाही. फ्रान्समध्ये हे क्रियापद एका वाक्प्रचारात मात्र अजून ऐकू येते. एखाद्या गोष्टीचा पुरता वीट आला की तिथले लोक 'मी तिचे सुपे केले आहे' अशा अर्थाचे वाक्य वापरतात. पॅरिसच्या माणसाच्या तोंडी ते ऐकलेत तर जेवणाचा विषय निघाला असे समजू नका.

मुख्य जेवणांच्या आसपासचे काही शब्दही असेच सरकतात, त्यांपैकी तुम्हाला लगेच लागतील तेवढे सांगते. क्वेबेकमध्ये 'लंच' म्हणजे बहुतेक वेळा घरून नेलेला डबा, आणि तो ठेवायचा तो 'ब्वात आ लंच'. फ्रान्समध्ये हाच शब्द लग्नात किंवा समारंभात उभ्याने घ्यायच्या थंड पदार्थांच्या अल्पोपाहाराला वापरतात. त्यामुळे सहकाऱ्याने 'उद्या लंच आण' असे म्हटले तर फक्त आपला डबा न्यायचा आहे. क्वेबेकच्या उपाहारगृहात 'ताब्ल दोत' म्हणजे ठरावीक किमतीचे, सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि बहुधा गोड असे पूर्ण जेवण. फ्रान्समध्ये त्याच नावाने खेड्यातल्या निवासगृहात यजमानांच्या टेबलावर सर्वांबरोबर घ्यायचे जेवण मिळते.

स्वित्झर्लंडमध्ये कधी जाणे झाले तर काही गोष्टी लक्षात असू द्या. सकाळच्या मधल्या खाण्याला तिथे 'दी झर', म्हणजे 'दहाचे', आणि दुपारच्या खाण्याला 'कात्र अर', म्हणजे 'चारचे', असे म्हणतात. फ्रान्समध्ये मुलांच्या चारच्या खाण्याला 'गुते' हा शब्द आहे. स्वित्झर्लंडमध्ये 'काफे कोंप्ले' हे कॉफी, पाव, लोणी, जॅम आणि चीज असे साधे संध्याकाळचे जेवण असू शकते, ते न्याहारीचे नाव आहे असे समजून गोंधळू नये. आणि 'कॅनेडियन भोजन' असे निमंत्रण आले तर ज्याने त्याने एक पदार्थ करून आणायचा आहे, असा त्याचा अर्थ. क्वेबेकच्या माणसाला हे नाव अनोळखी वाटते, कारण ते स्वित्झर्लंडमध्येच रुळलेले आहे.

पश्चिम आफ्रिकेतली गोष्ट वेगळी आहे. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टसारख्या देशांत फ्रेंच आली ती फ्रान्सच्या शासनातून आणि शाळांतून, आणि तोवर पॅरिसचा नवा क्रम पक्का होत आला होता, त्यामुळे जेवणांच्या नावांवर फ्रान्सचीच छाप दिसते. तिथले वेगळेपण जेवणाच्या जागांच्या नावांत आहे. आयव्हरी कोस्टमधल्या आबीजान शहरात 'माकी' म्हणजे उघड्यावरचे साधे, गजबजलेले जेवणघर. फ्रान्समध्ये या शब्दाचा अर्थ दाट झुडपांचे रान असा होतो, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीच्या गटांनाही तेच नाव होते. डाकारमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या दुकानाला 'दिबितरी' म्हणतात, आणि तो शब्द फ्रान्सच्या कित्येक माणसांनी ऐकलेलाही नसतो.

आता परीक्षेविषयी. कॅनडाच्या स्थलांतरासाठी चालणाऱ्या तेएफ कॅनडा आणि तेसेएफ कॅनडा या दोन्ही परीक्षा फ्रान्समधल्या संस्था तयार करतात, त्यामुळे जेवणांची नावे तुमच्या पुस्तकाच्या क्रमाने येतील असे धरून तयारी करणे सोयीचे आहे. पण श्रवणाच्या भागात निवेदक क्वेबेकचा असेल आणि प्रश्न भेटीच्या वेळेविषयी असेल, तर 'दिने' हा शब्द ऐकून उत्तर ठरवू नका, बोलण्यात आलेला तास पकडा. लेखनात दोन्हींपैकी कोणताही एक क्रम घ्या आणि मजकूर संपेपर्यंत तोच ठेवा. एकाच पत्रात आधी 'प्ती देज्यने' आणि पुढे संध्याकाळचे 'सुपे' असे मिसळले, तर मधल्या 'दिने'चा किंवा 'देज्यने'चा अर्थ वाचणाऱ्याला लावता येत नाही.

तिथे गेल्यावर काय बोलायचे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी आणि शेजारी क्वेबेकचा क्रम वापरायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात करा. फ्रान्सचा क्रम तिथे सगळ्यांना समजतो, पण सहकारी बारा वाजता 'चल, दिनेला' म्हणत असताना तुम्ही 'देज्यने' म्हणत राहिलात, तर दर वेळी समोरच्याला क्षणभर मनातल्या मनात हिशेब करावा लागतो. पुस्तकातला क्रम विसरू मात्र नका, कारण फ्रान्समधल्या ग्राहकांशी किंवा शाखेशी पत्रव्यवहार करावा लागला तर तोच लागेल. एका महिन्यात दोन्ही क्रम कानाला वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. तोवर जिथे शंका येईल तिथे 'आ केल अर?', म्हणजे किती वाजता, एवढे विचारा. हा प्रश्न तिथले लोकही एकमेकांना विचारतात, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.